जुनं बिल उघडलं की तारीख बदलते आणि नंबर दोनदा पडतो: बिलाच्या टेम्प्लेटचं दुखणं आणि त्यावरचा उपाय

सेवा देणाऱ्या छोट्या व्यवसायात बिलाचं टेम्प्लेट बहुतेकदा एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये बनतं. पहिले काही महिने ते बिनतक्रार चालतं, मग तक्रारी येऊ लागतात. दोन ग्राहकांना एकाच नंबरचं बिल गेलेलं असतं. जुन्या बिलाची प्रत पुन्हा काढली की तिच्यावर वेगळीच देय तारीख दिसते. बँक खातं बदललं की मागच्या वर्षीच्या बिलांवरही नवं खातं छापून येतं. प्रत्येक वेळी तेवढी चूक हाताने दुरुस्त होते आणि पुढच्या महिन्यात तीच पुन्हा उगवते.

ही दुखणी वेगवेगळी वाटली तरी मूळ एकच आहे. बिल पाठवलं त्या क्षणी जे कायमचं ठरलं, ते टेम्प्लेटमध्ये फॉर्म्युला म्हणून जिवंत राहिलेलं असतं. फॉर्म्युला दर वेळी आजच्या परिस्थितीवरून उत्तर काढतो, आणि बिलाला हवं असतं त्या दिवसाचं उत्तर.

आधी खात्री करा

बिलाच्या तारखेच्या सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये काय दिसतं ते पाहा. तिथे `=TODAY()` असेल, तर अर्धं निदान झालंच. समजा २० जानेवारी २०२५ चं बिल आहे आणि मुदत १५ दिवसांची, म्हणजे देय तारीख ४ फेब्रुवारी. ग्राहकाने पैसे दिले नाहीत म्हणून तुम्ही ३ मार्चला तीच फाइल उघडून पीडीएफ काढली आणि आठवण म्हणून पाठवली. आता त्या कागदावर बिलाची तारीख ३ मार्च आणि देय तारीख १८ मार्च आहे. एकाच नंबरच्या दोन प्रती आणि दोन मुदती ग्राहकाच्या हाती पडल्या. त्याने १८ मार्चपर्यंत थांबायचं ठरवलं, तर त्याला दोष देता येणार नाही.

नंबरच्या सेलमध्येही असंच डोकावून पाहा. तिथे साधारण या तीनपैकी एखादा प्रकार सापडतो. `=COUNTA(...)+1` हा फॉर्म्युला भरलेल्या ओळी मोजतो, त्यामुळे मधली एक ओळ पुसली की मोजणी एकने घटते आणि आधी वापरलेला नंबर पुन्हा मिळतो. `=ROW()-1` ओळीच्या जागेवरून नंबर काढतो, म्हणून यादी ग्राहकाच्या नावानुसार लावली की सगळ्या बिलांचे नंबर बदलतात. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो: फॉर्म्युला काहीच नसतो. मागच्या बिलाची फाइल कॉपी करून नंबर हाताने बदलायचा असतो, आणि एखाद्या घाईच्या दिवशी तो बदलायचा राहून जातो.

उपाय: नोंद एका जागी, बिल दुसऱ्या जागी

दर बिलाला नवी फाइल ही पद्धत सोडा. एकाच फाइलमध्ये `Nond` नावाची शीट ठेवा, तिच्यात प्रत्येक बिलाची एक ओळ. `Olee` शीटमध्ये त्या बिलातली कामं, `Grahak` मध्ये ग्राहकांची नावं-पत्ते आणि `Khate` मध्ये तुमची बँक खाती. पाचवी शीट `Bill`, म्हणजे छापायचा कागद. ती स्वतः काही साठवत नाही. तिच्यात एक नंबर टाकायचा आणि बाकी सगळं तिने नोंदीतून आणून दाखवायचं. शीटची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवली, तर फॉर्म्युले लिहायला सोपे जातात.

`Nond` चे कॉलम A पासून L पर्यंत असे: वर्ष, क्रम, बिल क्रमांक, बिल तारीख, ग्राहक कोड, मुदतीचे दिवस, देय तारीख, रक्कम, खाते कोड, पैसे मिळाल्याची तारीख, स्थिती, शेरा.

पुढचे फॉर्म्युले दुसऱ्या ओळीसाठी लिहिले आहेत. टाकताना चूक दाखवली गेली तर स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम देऊन पाहा. काही देशांच्या सेटिंगमध्ये तसाच लागतो.

नंबर

क्रम हाताने टाइप करायचा, पण मनाने नाही. बाजूच्या एका मोकळ्या सेलमध्ये, समजा `N2` मध्ये, चालू वर्षाची खूण लिहा, म्हणजे २०२५ साठी 25. A कॉलममध्येही हीच खूण लिहायची. मग `N3` मध्ये हा फॉर्म्युला टाका:

```
=MAXIFS(B:B, A:A, N2)+1
```

या वर्षातला सर्वांत मोठा क्रम शोधून तो पुढचा सांगतो. तो आकडा पाहून B मध्ये टाइप करा. फॉर्म्युलाच थेट B मध्ये का नको? कारण तो तिथे जिवंत राहील, आणि एखादी ओळ हलली की जुने नंबरही हलतील. सुचवायचं काम फॉर्म्युल्याचं, नोंदवायचं काम तुमचं. `MAXIFS` एक्सेल २०१९ पासून आहे. त्याआधीची आवृत्ती असेल, तर वर्षागणिक १ पासून सुरुवात करण्याचा नाद सोडा आणि साधं `=MAX(B:B)+1` वापरा. खरं तर तुमच्याकडचे नियम सक्ती करत नसतील, तर क्रम वर्षानुवर्षं पुढे चालू ठेवणं जास्त सुरक्षित. १ तारखेला खूण बदलायची विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

छापायचा नंबर C मध्ये तयार होतो:

```
="S"&A2&"-"&TEXT(B2,"0000")
```

म्हणजे सातवं बिल `S25-0007`. पुढचं अक्षर शोभेसाठी नाही. `2025-07` असं काही टाइप केलं तर स्प्रेडशीट त्याला जुलै महिना समजून तारखेत बदलून टाकतं. नुसतं `0007` टाइप केलं तर शून्यं गळून 7 उरतो. अक्षराने सुरू होणारा नंबर मजकूरच राहतो. तिरपी रेघ टाळा, कारण नंबर फाइलच्या नावातही जाणार आहे आणि तिथे ती चालत नाही.

तरीही दुहेरी नंबर पडलाच, तर तो डोळ्यांत भरायला हवा. C कॉलममधल्या `C2` पासून खालच्या सेलना कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम द्या आणि लाल रंग निवडा:

```
=COUNTIF($C:$C,$C2)>1
```

डेटा व्हॅलिडेशनने दुहेरी नोंद अडवता येते असं वाटतं, पण पेस्ट केलेल्या मजकुराला ते हमखास अडवत नाही. आणि घोटाळे पेस्ट करतानाच जास्त होतात. म्हणून रंगाचा नियम हवाच.

रद्द झालेलं बिल पुसू नका. ओळ तशीच ठेवून L मध्ये `रद्द` लिहा. नंबर एकमेव असावा आणि क्रमाने यावा अशी अपेक्षा करनियमांत सर्रास असते. क्रमात भोक दिसलं की त्याचं उत्तर द्यावं लागतं. रद्दची ओळ हेच ते उत्तर.

तारखा

बिलाची तारीख D मध्ये `Ctrl+;` दाबून घाला. तिन्ही प्रोग्रॅममध्ये यामुळे आजची तारीख ठोस आकडा म्हणून बसते आणि उद्या बदलत नाही. मुदतीच्या F कॉलममध्ये फक्त 15 किंवा 30 असा आकडा लिहा. "१५ दिवस" असं लिहिलंत तर बेरीज होणार नाही आणि `#VALUE!` दिसेल.

मुदत ग्राहकाच्या शीटमधून आपोआप आणायचा मोह होतो. तो आवरा. आज १५ दिवसांची असलेली मुदत पुढच्या वर्षी ३० केलीत, तर त्या ग्राहकाच्या सगळ्या जुन्या बिलांच्या देय तारखा पंधरा दिवसांनी पुढे सरकतील. `TODAY()` ने होतो तोच हा घोटाळा, फक्त उशिरा लक्षात येणारा. `Grahak` मध्ये नेहमीची मुदत लिहून ठेवायला हरकत नाही, पण ती पाहून F मध्ये आकडा टाइप करायचा.

देय तारखेचं साधं गणित `=D2+F2`. ती सुटीच्या दिवशी येत असेल आणि पुढच्या कामाच्या दिवशी न्यायची तुमची अट असेल, तर G मध्ये हे:

```
=WORKDAY(D2+F2-1, 1)
```

३१ जानेवारी २०२५ ला शुक्रवार होता. त्यात १५ दिवस मिळवले की १५ फेब्रुवारी येते आणि तो शनिवार. फॉर्म्युला एक दिवस मागे जाऊन तिथून पुढचा कामाचा दिवस शोधतो, म्हणून उत्तर येतं सोमवार, १७ फेब्रुवारी. मूळ तारीख कामाच्याच दिवशी असेल तर ती तशीच राहते. हा फॉर्म्युला शनिवार-रविवार सुटी धरतो. फक्त रविवारीच सुटी असेल तर `WORKDAY.INTL(D2+F2-1, 1, "0000001")` लिहा. त्या सात आकड्यांतला पहिला सोमवारचा आणि 1 म्हणजे सुटी.

"३० दिवस" आणि "एक महिना" यांतला फरकही पक्का करा. ३१ जानेवारी २०२५ नंतर ३० दिवसांनी २ मार्च येते. `EDATE(D2,1)` ने एक महिना पुढे गेलात तर २८ फेब्रुवारी. करारात जे शब्द आहेत तेच बिलावर छापा आणि फॉर्म्युलाही त्याच शब्दांचा ठेवा.

तारीख खरी आहे की तारखेसारखा दिसणारा मजकूर, हे `=ISNUMBER(D2)` ने कळतं. `FALSE` आलं तर तो मजकूर आहे. पण यात एक मेख आहे: 03/04/2025 ला एक सेटिंग ३ एप्रिल मानते आणि दुसरी ४ मार्च, आणि दोन्ही वेळा `TRUE` येतं. फाइल दुसऱ्याच्या संगणकावरही वापरली जात असेल, तर सेलचा फॉरमॅट असा ठेवा की महिना अक्षरात दिसेल. चूक लगेच नजरेला पडते.

छापायचा कागद

`Bill` शीटमध्ये फक्त `G2` ही जागा भरायची. तिथे `S25-0007` टाका. बिलाची तारीख अशी येते:

```
=INDEX(Nond!$D:$D, MATCH($G$2, Nond!$C:$C, 0))
```

देय तारीख, ग्राहक कोड, खाते कोड यांसाठी फक्त D च्या जागी तो तो कॉलम. ग्राहक कोड मिळाला की त्याच पद्धतीने `Grahak` मधून नाव-पत्ता आणा. शेवटचं `0` विसरू नका. ते नसेल तर `MATCH` जवळचं काहीतरी शोधून आणतं, चूक दाखवत नाही, आणि एका ग्राहकाच्या बिलावर दुसऱ्याची माहिती येऊ शकते.

नंबर नोंदीत असूनही `#N/A` आलं, तर `=LEN(G2)` तपासा. `S25-0007` मध्ये ८ अक्षरं आहेत. उत्तर ९ आलं तर शेवटी एक अदृश्य जागा चिकटली आहे. ईमेलमधून कॉपी केलेल्या नंबरसोबत ती अनेकदा येते.

कामाच्या ओळी `Olee` मधून येतात. तिथे कॉलम असे: बिल क्रमांक, काम, मात्रा, दर, रक्कम. बिल क्रमांक प्रत्येक ओळीत लिहायचा. `Bill` वर कामांची यादी जिथे सुरू होते, त्या सेलमध्ये:

```
=FILTER(Olee!B2:E500, Olee!A2:A500=$G$2)
```

खाली पंधरा ओळी पूर्ण मोकळ्या सोडा. तिथे एखादं अक्षर जरी पडलेलं असेल तर एक्सेल `#SPILL!` दाखवतं आणि गूगल शीट्स `#REF!`. `FILTER` एक्सेल २०२१ पासून मिळतं. त्याहून जुन्या एक्सेलमध्ये `Olee` ला बिल क्रमांकाचा फिल्टर लावून दिसणाऱ्या ओळी `Bill` वर पेस्ट कराव्या लागतात. पुढचं बिल काढण्याआधी त्या न चुकता पुसायच्या.

रक्कम प्रत्येक ओळीत गोल करून घ्या: `=ROUND(C2*D2,2)`. `S25-0007` मध्ये दोन कामं धरू, दोन्ही २.७५ तासांची, दर १३३.५०. एकाची खरी रक्कम ३६७.१२५ आहे, कागदावर ३६७.१३ दिसते. गोल न करता बेरीज केली तर एकूण ७३४.२५ छापलं जातं, पण ग्राहकाने दिसणारे दोन आकडे मिळवले तर ७३४.२६ होतात. फरक किरकोळ असला तरी जुळत नाही म्हणून बिल परत येतं आणि मुदतीतले दिवस वाया जातात. `Nond` मधली रक्कम या गोल केलेल्या आकड्यांवरूनच घ्या:

```
=SUMIF(Olee!$A:$A, C2, Olee!$E:$E)
```

बिलाखाली "देय तारीख" हे शब्द आणि तारीख एकाच वाक्यात जोडली की तारखेऐवजी 45705 असा आकडा छापला जातो. घाबरू नका, तो १७ फेब्रुवारी २०२५ च आहे. स्प्रेडशीट तारखा अशाच साठवतं. `TEXT` मध्ये गुंडाळली की ती नीट दिसते. देय तारीख `Bill` च्या `G4` मध्ये असेल तर `="देय तारीख: "&TEXT(G4,"dd-mm-yyyy")`.

पैसे कुठे भरायचे

खाते क्रमांक हा आकडा नाही, मजकूर आहे. `Khate` शीटचा तो कॉलम आधी `Text` फॉरमॅटमध्ये टाका आणि मगच क्रमांक टाइप करा. उलट क्रमाने केलंत तर पुढची शून्यं गेलेली असतात, बारा किंवा जास्त अंक असतील तर एक्सेल `1.23457E+11` असं काही दाखवतं, आणि सोळावा अंक असेल तर त्याचं चक्क शून्य होतं, कारण एक्सेल पंधराच अंक जपतं. नंतर फॉरमॅट बदलून तो अंक परत येत नाही. टाइप केल्यावर क्रमांक बँकेच्या कागदाशी एकेक अंक लावून पाहा. इथली चूक सगळ्या बिलांवर जाते.

खातं बदललं तर जुन्या ओळीवर नवं लिहू नका. खाली `K2` कोडची नवी ओळ घाला आणि पुढच्या बिलांना I कॉलममध्ये `K2` द्या. जुनी बिलं `K1` वरच राहतात. थकलेलं जुनं बिल नव्या खात्यात हवं असेल तर ग्राहकाला तसं वेगळं कळवा.

खात्याच्या तपशिलाखाली एक ओळ जरूर ठेवा: `="पैसे भरताना संदर्भात लिहा: "&$G$2`. हा नंबर बँकेच्या उताऱ्यावर दिसला की कोणत्या बिलाचे पैसे आले, हे शोधत बसावं लागत नाही.

पाठवलं की गोठवायचं

पीडीएफ काढून ग्राहकाला पाठवली की `Nond` मधल्या त्या ओळीचे A ते I सेल निवडा, कॉपी करा आणि तिथेच `Paste special` मधून `Values` म्हणून पेस्ट करा. फॉर्म्युले जाऊन आकडे उरतात. यानंतर `Olee` मध्ये कोणी दर बदलला तरी नोंदीतली रक्कम हलत नाही, आणि कागदाची बेरीज नोंदीशी जुळेनाशी झाली की छेडछाड लगेच कळते. पीडीएफचं नाव `S25-0007_2025-01-31.pdf` अशा धर्तीचं ठेवा. ग्राहकाने पुन्हा प्रत मागितली तर हीच फाइल पाठवायची, नवी काढायची नाही.

`TODAY()` ला या टेम्प्लेटमध्ये एकच हक्काची जागा आहे: K मधली स्थिती, कारण ती रोज बदलायलाच हवी.

```
=IF(LEFT(L2,4)="रद्द","रद्द",IF(J2<>"","मिळाले",
 IF(TODAY()>G2,"मुदत उलटली","बाकी")))
```

शेवटी `Bill` शीटला कुलूप लावा. एक्सेलमध्ये आधी `G2` चं `Locked` काढा, मग `Review` मधून `Protect Sheet`. गूगल शीट्समध्ये `Protect sheets and ranges` निवडून `Except certain cells` मध्ये `G2` द्या.

आधीच झालेला गोंधळ

जुनी बिलं नोंदीत भरताना स्प्रेडशीटच्या फाइलींवर विसंबू नका. त्यांच्या तारखा बदललेल्या असतील. ईमेलमधून प्रत्यक्ष पाठवलेल्या पीडीएफ उघडून त्यावरून भरा. दोन ग्राहकांना एकच नंबर गेला असेल तर गुपचूप एकाचा नंबर बदलू नका, त्याच्या हिशेबात जुना नंबर चढलेला असतो. दुसऱ्या ग्राहकाला कळवून ते बिल रद्द करा आणि पुढच्या मोकळ्या नंबरने नवं द्या. रद्द करताना क्रेडिट नोट लागते का, हे तुमच्या हिशेबनिसाला विचारा. ओळ मात्र दोन्ही बिलांची ठेवा. C मधला लाल रंग तिथे कायम दिसत राहील. रद्द बिलाच्या शेऱ्यात `रद्द` च्या पुढे कारण आणि नव्या बिलाचा नंबर लिहा.

सगळं बसवून झालं की एक चाचणी घ्या. एक खोटं बिल नोंदवून गोठवा. मग त्या ग्राहकाची नेहमीची मुदत बदला, `Khate` मध्ये नवी ओळ घाला, `Nond` ची यादी ग्राहकानुसार लावा आणि फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडा. `G2` मध्ये त्या बिलाचा नंबर टाकल्यावर नंबर, दोन्ही तारखा किंवा खातं यांपैकी जे बदललेलं दिसेल, त्या सेलमध्ये अजून फॉर्म्युला शिल्लक आहे. चाचणी झाल्यावर त्या ओळीला `रद्द` लिहा.